सकाळी तोच आकडा

शनिवारची रात्र, साडेदहा वाजलेत. मुलाने नव्वद जीबीचा नवा गेम प्लेस्टेशन ५ वर डाउनलोडला लावलाय. घरी १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे. कागदावर हिशोब केला तर सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे अख्खा गेम दोन तासांत यायला हवा. वायफायची थोडी घट धरली तरी पहाटेपर्यंत काम सहज उरकेल. दहा मिनिटांनी, आठ टक्के झाल्यावर, तो कन्सोल रेस्ट मोडमध्ये टाकतो. समोरचा दिवा नारिंगी होतो आणि घर झोपतं. रविवारी सकाळी टीव्ही लावला तर आकडा आठ टक्केच. वर त्याच्या डोळ्यांदेखत तो नऊ, दहा असा पुढे सरकू लागतो. कन्सोल जागा झाल्याबरोबर डाउनलोडही जागं झालेलं असतं.

घरात पहिला संशय इंटरनेट कंपनीवर जातो. पण आकडा नीट वाचला तर तो वेगळंच सांगतो. कन्सोल झोपवताना जितकं डाउनलोड झालं होतं तितकंच सकाळी असेल, तर लाइन रात्रीतून कधीतरी तुटली असं म्हणता येत नाही. कन्सोल झोपला त्याच मिनिटाला त्याचं नेटवर्कही झोपलं, असा त्याचा अर्थ होतो.

रेस्ट मोड म्हणजे पूर्ण बंद नव्हे. मुख्य प्रोसेसर जवळजवळ थांबतो, पंखा बहुतेक वेळ शांत असतो. मध्येच सोडलेला गेम मात्र मेमरीत जिवंत राहावा, सकाळी त्याच क्षणापासून खेळता यावा, म्हणून मेमरीला थोडी वीज मिळत राहते. इंटरनेटचं काम त्याहून स्वतंत्र असतं. ते कमी विजेवर चालू ठेवता येतं आणि पूर्ण बंदही करता येतं. यातलं काय करायचं ते कन्सोलच्या सेटिंगवर ठरतं. गोंधळ इथेच होतो, कारण नेट जागं असो वा झोपलेलं, दिवा नारिंगीच दिसतो. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळायला काही मार्गच नसतो.

डाउनलोड म्हणजे दूरच्या सर्व्हरशी चाललेलं बोलणं. सर्व्हर तुकडा पाठवतो, कन्सोल ‘मिळाला’ म्हणतो, मग पुढचा तुकडा येतो. एक बाजू गप्प झाली की दुसरी थोडा वेळ वाट पाहते आणि जोडणी सोडून देते. आलेले तुकडे मात्र साठवलेले असतात, म्हणून जागं झाल्यावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मेहनत वाया जात नाही, फक्त रात्र जाते.

प्लेस्टेशन ५ मध्ये ही जागा थोडी आत दडलेली आहे. Settings मधून System, तिथून Power Saving, आणि मग Features Available in Rest Mode. तिथे Stay Connected to the Internet असं बटण दिसतं. ते बंद असेल तर रेस्ट मोडमध्ये डाउनलोड होणार नाही, घरचं कनेक्शन कितीही वेगवान असलं तरी. कन्सोल पहिल्यांदा सुरू करताना वीज कमी वापरायची का, असं विचारलं जातं. तेव्हा घाईत ‘हो’ म्हटलं असेल तर हे बटण बंद असू शकतं, आणि त्या निवडीचा नंतरच्या डाउनलोडशी संबंध आहे हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

मग हा पर्याय मुळात का ठेवला? कारण नेट जागं ठेवायला वीज लागते. एक्सबॉक्सच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टने दिलेले आकडे बोलके आहेत. Sleep या अवस्थेत १० ते १५ वॅट, आणि Shutdown (energy saving) या अवस्थेत अर्धा वॅट. बारा वॅट धरून महिनाभर चोवीस तास कन्सोल तसाच राहिला तर साडेआठ युनिटच्या वर जातात. अर्ध्या वॅटवर महिन्याला जेमतेम एक तृतीयांश युनिट. जगभरच्या लाखो कन्सोलांचा विचार केला तर हा फरक मोठा होतो, म्हणून वीज वाचवण्याची भूमिका मला रास्त वाटते. पण त्या बचतीसाठी काय बंद पडतं, हे वापरणाऱ्याला स्पष्ट शब्दांत कळायला हवं. एक्सबॉक्सने पुढे चांगला मधला मार्ग काढला. कमी विजेच्या अवस्थेतूनही कन्सोल रात्री स्वतः उठतो, अपडेट घेतो आणि पुन्हा झोपतो.

बटण सुरू केल्यावर खात्री करायला पुन्हा एक रात्र घालवायची गरज नाही. मोठं डाउनलोड लावा, टक्का लिहून ठेवा, कन्सोल रेस्ट मोडमध्ये टाका आणि वीस मिनिटांनी जागा करा. आपल्या उदाहरणातल्या वेगाने वीस मिनिटांत पंधरा जीबी, म्हणजे जवळपास सतरा टक्क्यांची भर पडायला हवी. कन्सोल केबलने राउटरला जोडलेला असेल तर त्या वीस मिनिटांत राउटरच्या त्या पोर्टचा दिवा बघा. विझला असेल तर जोडणी झोपली. स्थिर पेटलेला असेल तर एवढ्यावरून काहीच ठरत नाही. भराभर लुकलुकत असेल तर डेटा येतोय. राउटरच्या पानावरची जोडलेल्या उपकरणांची यादी मात्र फसवी ठरू शकते. झोपलेल्या उपकरणाचं नाव तिथे बराच वेळ तसंच राहतं.

सकाळी आकडा आठच्या जागी चाळीस दिसला तर शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो. नेट जागं होतं, पण मध्येच तुटलं. राउटर ठरावीक वेळी स्वतः रिस्टार्ट होतोय का, वायफायचा सिग्नल कन्सोलच्या कोपऱ्यात कमी पडतोय का, हे तपासावं. एक रात्र केबल लावून पाहणं ही सर्वांत प्रामाणिक चाचणी. केबलवर पूर्ण झालं आणि वायफायवर अडकलं तर दोष हवेतल्या जोडणीत आहे, कन्सोलच्या झोपेत नाही.

आपल्याकडे याला आणखी एक कारण असतं, आणि ते अगदी घरगुती आहे. रात्री झोपताना टीव्हीजवळच्या भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची सवय. आई किंवा आजी काळजीने ते करतात, पण त्यात रेस्ट मोडमधला कन्सोलही जातो आणि राउटरही. वीज अशी अचानक गेली की मेमरीत थांबवलेला गेम नाहीसा होतो, आणि पुढच्या वेळी कन्सोल नीट बंद केला नव्हता अशी सूचना दिसते. राउटर इन्व्हर्टरवर आणि कन्सोल नाही, अशी जोडणी अनेक घरांत असते. तिथे दिवे गेले तरी फोनवर नेट चालू राहतं, म्हणून डाउनलोड कुठे अडलं ते कुणाला सुचत नाही.

अपडेटचा प्रश्न याहून थोडा वेगळा. हाताने लावलेलं डाउनलोड नेट जागं असलं की चालतं. खेळाचे अपडेट आपोआप यायला हवे असतील तर Saved Data and Game/App Settings मधल्या Automatic Updates मध्ये Auto-Download आणि Auto-Install in Rest Mode ही दोन्ही बटणं सुरू हवीत. पहिलं सुरू आणि दुसरं बंद असेल तर फाइल रात्रीत येऊन पडते, पण सकाळी इन्स्टॉल व्हायला वेळ लागतो, आणि माणसाला वाटतं रात्री काहीच झालं नाही. शिवाय जो गेम मध्येच थांबवून मेमरीत ठेवलाय, त्याचाच अपडेट आला तर तो बंद केल्याशिवाय बसत नाही. म्हणून अपडेटची वाट पाहत असाल तर कन्सोल झोपवण्याआधी तो गेम पूर्ण बंद करा, फक्त थांबवून ठेवू नका.