एक की नऊ? पाण्याच्या मीटरच्या वहीतली उडी

अकोल्यात काटेपूर्णा धरणाचं पाणी नळाला रोज येत नाही, म्हणून तक्त्यात आपण तारीख आणि रीडिंगसोबत मधले दिवसही मांडू. समजा, वहीत १ मार्चला ३९५, ३१ मार्चला ४९३ आणि ३० एप्रिलला ४३१ दिसतं. आधी ९८ युनिटची उडी, मग ६२ ची घट! नीट बसवलेला मीटर उलटा फिरत नाही. मीटर बदलला असता तर आकडा बहुधा शून्याजवळून सुरू झाला असता. मग मधला आकडा ४१३ असावा. घाईत लिहिलेला १ हा ९ सारखा दिसतो. आता दोन्ही वेळा तीस दिवसांत १८ युनिट, म्हणजे युनिटला हजार लिटर धरून रोज सहाशे लिटर. दुरुस्ती वेगळ्या रकान्यात लिहू. मूळ आकडा खोडायचा नाही; बिलाचा वाद निघाला तर तोच पुरावा.