पिनांवर वजन नको

टेबलाखालचा एक्स्टेन्शन बोर्ड जळाला की घरातला पहिला अंदाज ठरलेला असतो: लोड जास्त झाला. पण हिशोब मांडून पाहा. साध्या 6 अँपिअरच्या बोर्डावर 230 व्होल्टला 1380 वॉटपर्यंत भार चालतो. घरून काम करणाऱ्याच्या टेबलावर काय असतं? लॅपटॉपचा 65 वॉटचा अडॅप्टर, तीसेक वॉटचा मॉनिटर, दहा-बारा वॉटचा राउटर, एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर. सगळं एकदम चालू असलं तरी दीडशे वॉटच्या आसपास, म्हणजे एक अँपिअरसुद्धा नाही. इस्त्री किंवा हीटर त्याच बोर्डावर लावला तर गोष्ट वेगळी. ती उपकरणं भिंतीवरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावावीत. एरवी असे बोर्ड जळतात ते बहुतेक वेळा सैल पिनांमुळे.

सॉकेटच्या आत पितळेच्या पट्ट्या असतात आणि त्या पिनेला चिमटीसारख्या धरून ठेवतात. बोर्ड स्वतःच्याच वायरवर लोंबकळत असेल, किंवा राउटरचा ठोकळ्यासारखा अडॅप्टर खाली तोंड करून लटकत असेल, तर ते वजन रात्रंदिवस त्या चिमटीवर येतं. चिमटी ढिली झाली की पिनेला पुरेसा स्पर्श मिळत नाही. त्या जागी वीज अडते, उष्णता तयार होते, उष्णतेने पितळ आणखी सैल पडतं आणि प्रकार वाढत जातो. हे ओळखायला यंत्र लागत नाही. तासभर काम झाल्यावर प्लगला हाताची मागची बाजू लावून पाहा. अडॅप्टर कोमट असणं ठीक आहे, पण जिथे पिना आत शिरतात तो भाग गरम लागला, सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग दिसला, किंवा प्लग हलवल्यावर चरचर ऐकू आली, तर ते सॉकेट संपलं. आतली पट्टी वाकवून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये, बोर्ड बदलावा.

म्हणून बोर्ड लावताना पहिला प्रश्न वजन कशावर येणार हा. बहुतेक जण तो टेबलाच्या पाटाला खालून लावतात, सॉकेट जमिनीकडे. दिसायला हे नीटनेटकं असतं, पण जागा सगळ्यात वाईट. तिथे प्रत्येक अडॅप्टर फक्त पिनांच्या घट्टपणावर टिकून असतो. त्यापेक्षा टेबलाच्या मागच्या अंगाला जी उभी फळी असते तिच्या आतल्या बाजूला बोर्ड लावावा. ठोकळा तिथेही भिंतीवरच्या सॉकेटइतका पिनांना लोंबतो, पण सरळ खाली ओढला जात नाही. लॅपटॉपचा जड अडॅप्टर वायरच्या मधोमध असतो. तो बोर्डाशेजारी लोखंडी जाळीच्या ट्रेमध्ये ठेवला की त्याचा प्रश्न मिटतो. उभी फळीच नसेल तर संपूर्ण बोर्ड तशा ट्रेमध्ये आडवा ठेवणं बरं. दुहेरी चिकटपट्टीवर मात्र विसंबू नये. सनमायका न लावलेल्या खरबरीत प्लायवर ती नीट धरत नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तिचा गोंद सोडतो.

बोर्डाच्या पाठीला किल्लीच्या भोकासारखी दोन छिद्रं असतात, वर्तुळ आणि त्याला जोडून एक अरुंद खाच. स्क्रूचं डोकं वर्तुळातून आत जातं आणि बोर्ड सरकवला की खाचेत अडकतं. दोन छिद्रांमधलं अंतर पट्टीने मोजायला गेलं की हमखास दोन-तीन मिलिमीटरची चूक होते. पाठीवर कागद ठेवून त्यावरून पेन्सिल आडवी घासावी. छिद्रं उमटतात, तोच कागद फळीवर चिकटवून भोकं पाडावीत. टेबल 18 मिलिमीटर प्लायचं असेल तर अर्ध्या इंचाचा स्क्रू पुरतो, त्याहून फार लांब घेतला तर टोक दुसऱ्या बाजूने बाहेर येण्याची धास्ती. डोकं दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहू द्यावं. खाचेचं अरुंद टोक वर यायला हवं, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं वजनच त्याला बसवून ठेवतं. प्लग उपसताना ओढ वरच्या दिशेने लागली तर बोर्ड हातात येतो, त्यामुळे एका हाताने बोर्ड दाबून दुसऱ्याने प्लग काढावा. छिद्रं नसलेल्या बोर्डाच्या प्लॅस्टिकमधून आरपार स्क्रू मारण्याचा मोह आवरावा. आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही.

आता वायर. बोर्डातून बाहेर आल्यावर चार-पाच इंचांवर ती टेबलाच्या पायाला वेल्क्रोच्या पट्टीने बांधावी, पण बोर्ड आणि पट्टी यांच्यामध्ये थोडी ढिली ठेवून. खुर्चीचं चाक अडकलं किंवा कुणाचा पाय लागला तर झटका त्या पट्टीवर थांबतो, आतल्या जोडापर्यंत पोचत नाही. प्लॅस्टिकचा टाय करकचून आवळू नये, त्याने वायरच्या कव्हरवर घडी पडते. उरलेली वायर घट्ट गुंडाळी करून ठेवू नये, आतल्या वळशांची उष्णता बाहेर पडत नाही. सैलसर दुमडावी. उंची वरखाली होणारं टेबल असेल तर वायर कमी पडते का हे टेबल सगळ्यात वर नेऊनच बघावं.

टीव्हीमागे अडचण जागेची. भिंतीला चिकटवणाऱ्या सपाट ब्रॅकेटने टीव्ही आणि भिंत यांच्यात जेमतेम इंचभर जागा उरते आणि तिथे प्लग मावत नाही. लोक तो कसाबसा कोंबतात, मग वायर प्लगच्या तोंडाशीच काटकोनात मोडते. बोर्ड टीव्हीच्या कडेपलीकडे किंवा खालच्या कपाटाच्या मागे न्यावा. भिंतीला भोक पाडायचं असेल तर स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत पाडू नये. आतून जाणाऱ्या वायरी सहसा तिथूनच धावतात.

वळवाच्या पावसात टीव्हीच्या काळजीने स्पाइक गार्ड आणले जातात. लाल दिवा आणि दाबायचं बटण असलेला प्रत्येक बोर्ड स्पाइक गार्ड नसतो. ते बटण पुष्कळदा फक्त जास्त भाराला तुटणारं असतं. खऱ्या गार्डमध्ये एमओव्ही नावाची बटणाएवढी चकती असते. एरवी ती गप्प असते. व्होल्टेज काही क्षण शेकड्यांनी उसळलं की ती वाहू लागते आणि ती उसळी स्वतःवर घेते. प्रत्येक धक्क्यात ती थोडी झिजते. संरक्षण दाखवणारा दिवा असेल आणि तो विझला, तर वीज येत असली तरी बोर्ड आता साधाच. धक्क्याचा काही भाग अर्थिंगमध्ये सोडायचा असतो, त्यामुळे अर्थिंग नसेल तर निम्मं काम होत नाही. वायरमनला मीटर लावायला सांगावं: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत.

या चकतीच्या आवाक्याबाहेरच्याही गोष्टी आहेत. इमारतीचं न्यूट्रल तुटलं तर घरात 300-350 व्होल्ट मिनिटानुमिनिट येऊ शकतात. चकती क्षणाच्या उसळीसाठी बनलेली, ती तापून जळते. म्हणून थर्मल फ्यूज असलेला गार्ड घ्यावा, आणि वारंवार व्होल्टेज वरखाली होत असेल तर त्यावर उपाय स्टॅबिलायझर किंवा जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारं यंत्र, स्पाइक गार्ड नव्हे. दुसरी वाट छतावरच्या डिशची. जवळपास वीज पडली तर धक्का त्या केबलमधून सेट टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत शिरतो; गार्ड भिंतीच्या प्लगवर बसून राहतो. गडगडाट लांबून ऐकू आला की प्लग उपसावा आणि डिशची केबलही बॉक्समधून काढावी. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, कारण ते फक्त फेज तोडतं.