डिलिव्हरी बॉय तुमचा कर्मचारी की कंत्राटदार? ठरवा आधी, कापा नंतर



व्हिडिओत टीडीएस आणि पीएफचे आकडे भराभर सांगितले होते. इथे तेच एका उदाहरणावर सावकाश बघूया.

समजा, कोथरूडमध्ये तुमचं टिफिनचं किचन आहे. स्वयंपाकघरात आणि ऑफिसात मिळून 14 माणसं पगारावर आहेत. शिवाय 8 मुलं डब्बे पोचवतात. त्यांना पगार नाही, डब्यामागे 25 रुपये. एक मुलगा महिन्याला साधारण 600 डबे पोचवतो, म्हणजे त्याच्या हातात 15,000 पडतात. तुम्ही म्हणता, "ती काय माझी माणसं नाहीत, ती गिगवर आहेत. मी त्यांचा एक टक्का टीडीएस कापतो, विषय संपला."

विषय तिथे संपत नाही, उलट तिथूनच सुरू होतो.

एक टक्का कापला म्हणून माणूस कंत्राटदार होत नाही

आधी टॅक्सचं बघू. माणूस कर्मचारी असेल, तर पगारावरचा टीडीएस लागतो. त्याच्या वर्षभराच्या उत्पन्नावर किती कर होईल याचा अंदाज काढून तो दरमहा कापायचा. आपल्या मुलाचं वर्षाचं उत्पन्न 1,80,000 आहे. त्यावर कर शून्य, म्हणून टीडीएसही शून्य.

तोच मुलगा कंत्राटदार धरला तर हिशोब वेगळा. एका वेळचं बिल 30,000 च्या वर गेलं किंवा वर्षाची बेरीज 1,00,000 च्या वर गेली, की व्यक्तीला दिलेल्या पैशावर 1 टक्का कापायचा. त्याच्याकडे पॅन नसेल तर 20 टक्के. तुमचा धंदा प्रोप्रायटरी असेल, तर मागच्या वर्षीची उलाढाल 1 कोटीच्या वर असेल तरच ही कपात तुमच्यावर येते. पार्टनरशिप किंवा कंपनीला उलाढालीची ही सूट नाही. जुन्या कायद्यात ही कलमं 192 आणि 194सी होती. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात ती 392 आणि 393 झाली.

आता गंमत बघा. ज्या मुलाला एक रुपया कर बसत नाही, त्याचे तुम्ही वर्षाला 1,800 रुपये कापता. ते परत मिळवायला त्याला रिटर्न भरावं लागतं, आणि बहुतेक मुलं ते भरतच नाहीत.

पण महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. कुठल्या कलमाखाली कापायचं हे नातं ठरल्यावर येतं. कापल्यामुळे नातं ठरत नाही. पीएफचा अधिकारी तुमचं टीडीएस चलन बघून परत जात नाही. तो काम कसं चालतं ते बघतो.

नातं ठरतं कशावर?

यावर 1973 मध्ये सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा. तिथले शिंपी नगावर पैसे घ्यायचे. येण्याजाण्याची सक्तीची वेळ नव्हती, काही जण कापड घरी नेऊन शिवायचे. दुकानदाराचं म्हणणं, हे माझे नोकर नाहीत. कोर्टाने ते मानलं नाही. मशीन दुकानाची होती, आणि शिवण पसंत नसेल तर ती नाकारून पुन्हा शिवून घ्यायचा अधिकार मालकाकडे होता. नगावर पैसे मिळतात एवढ्यावरून माणूस स्वतंत्र ठरत नाही. पुढे 1985 मध्ये घरी बसून विड्या वळणाऱ्या कामगारांनाही कोर्टाने पीएफ लागू धरला.

हेच प्रश्न स्वतःला विचारा. डब्याचा दर कोण ठरवतं? वेळ आणि रूट कोण ठरवतं? मुलाला येता आलं नाही तर तो परस्पर दुसऱ्याला पाठवू शकतो का? तो शेजारच्या किचनचेही डबे नेऊ शकतो का? पिशवी, टी-शर्ट, गाडी कुणाची?

आपल्या उदाहरणात दर तुमचा, रूट तुमचा, सकाळी साडेदहाला हजेरी तुमची आणि दुसरीकडे काम करायला मनाई. अशा वेळी कागदावर "स्वतंत्र सेवा पुरवठादार" लिहून फार काही वाचत नाही.

याउलट, एखादा माणूस स्वतःच्या टेम्पोतून पाच दुकानांचा माल नेतो, दर स्वतः सांगतो, ड्रायव्हर स्वतः ठेवतो आणि तुम्हाला बिल पाठवतो. तो खरा कंत्राटदार. त्याचा टीडीएस कापून उरलेले पैसे दिले की तुमचं काम झालं.

फरक पैशात किती?

20 किंवा जास्त माणसं असली की पीएफ लागू होतो. तुम्ही मोजता 14. ती 8 मुलं कर्मचारी ठरली की झाले 22, आणि पीएफ फक्त त्या 8 जणांना नाही, तर सगळ्यांनाच लागू होतो.

सोयीसाठी प्रत्येकाचा पगार 15,000 धरू. कर्मचाऱ्याचे 12 टक्के म्हणजे 1,800. तुमचे 12 टक्के म्हणजे 1,800, शिवाय विमा आणि प्रशासकीय खर्चाचे 150. एका माणसामागे महिन्याला एकूण 3,750. बावीस जणांचे 82,500, आणि वर्षाचे 9,90,000.

वेळेत नोंदणी केली असती, तर यातले 4,75,200 पगारातून कापले गेले असते आणि तुमच्या खिशातून 5,14,800 गेले असते. पण मागच्या काळाची वसुली निघाली तर कर्मचाऱ्यांचा वाटा नंतरच्या पगारातून कापता येत नाही. तोही तुम्हीच भरायचा. व्याज आणि दंड वेगळे.

ईएसआयसीची मर्यादा 10 माणसांची आहे, म्हणजे तुमच्या 14 जणांना ती आधीच लागू आहे. पगार 21,000 पर्यंत असेल तर तुमचे 3.25 टक्के आणि कर्मचाऱ्याचे 0.75 टक्के. 15,000 वर दोन्ही मिळून 600 रुपये. ही मुलं दिवसभर रस्त्यावर असतात. नोंदणी नसताना अपघात झाला, तर भरपाईचं ओझं थेट तुमच्यावर येतं.

तुमच्याकडे एकच कर्मचारी असला तरी महाराष्ट्रात प्रोफेशन टॅक्स विसरू नका. पुरुष कर्मचाऱ्याचा पगार 10,000 च्या वर असेल तर दरमहा 200, फेब्रुवारीत 300 कापायचे. महिलांना 25,000 पर्यंत माफ.

"पण ॲपवाले तर असंच करतात!"

त्यांच्यासाठी सामाजिक सुरक्षा संहितेत वेगळी सोय आहे. त्यात ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम गिग कामगारांच्या निधीत द्यायची आहे, तीही कामगारांना देय रकमेच्या 5 टक्क्यांच्या आत. ती सोय ॲग्रीगेटरसाठी आहे. स्वतःचे डबे स्वतःच्या मुलांकडून पोचवणारं किचन ॲग्रीगेटर होत नाही.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. एका कागदावर तुमच्याकडे काम करणाऱ्या सगळ्यांची नावं लिहा, मस्टरवर नसलेल्यांचीही. प्रत्येकापुढे वरच्या प्रश्नांची उत्तरं लिहा. मग कर्मचारी ठरलेल्यांची संख्या मोजा. ती 10 किंवा 20 च्या जवळ असेल, तर पुढचा माणूस घेण्याआधी तो कागद घेऊन तुमच्या सीएकडे जा. डब्याचा दर ठरवतानाच हा खर्च धरला तर तो ग्राहकाकडून वसूल होतो. नोटीस आल्यावर तो तुमच्या भांडवलातून जातो.