पन्नास जणांचा आकडा

एप्रिल 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा काउंटीचा एक अभ्यास मेडआर्काइव्हवर आला. इथले शोधनिबंध तज्ज्ञांच्या छाननीआधीचे असतात. करोनाचा संसर्ग नोंदीपेक्षा 50 ते 85 पट जास्त असावा, असा त्याचा अंदाज होता. बातमीचा मथळाही तोच झाला.

आकडेमोड साधी होती. 3,330 लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं शोधली, सापडली 50 जणांत. पण चाचणी कधीकधी निरोगी माणसालाही बाधित ठरवते. आधी 401 संसर्ग नसलेल्या नमुन्यांवर ती तपासली, तेव्हा दोनदा चुकली. म्हणजे चूक अर्धा टक्का. इतक्या थोड्या नमुन्यांवरून ती 1.7 टक्के असण्याची शक्यताही उरते. तसं असेल तर 3,330 निरोगी लोकांतही सुमारे 57 जण बाधित दिसतील. मग सापडलेल्या पन्नासांत खरे किती?

शिवाय लोक फेसबुकवरच्या जाहिरातीतून आले होते. ज्यांना लक्षणांची शंका होती, ते जास्त उत्साहाने आले असणार.

मी बातमीत पहिल्याच परिच्छेदात लिहीन: छाननी व्हायची आहे, आणि चाचणीची चूक हा आकडा जवळजवळ पुसू शकते. संशोधकांनी पुढे सुधारित आवृत्तीत अंदाजाची कक्षा बरीच रुंदावली.