एक आउटपुट, दोन व्हॉल्व्ह : स्प्लिट-रेंज कंट्रोल

*उदाहरण : जॅकेट असलेला बॅच रिअ‍ॅक्टर*

- रचना : तापमान कंट्रोलर एकच. त्याचा 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल दोन्ही व्हॉल्व्हना जातो.
- 0 ते 50 टक्के : थंड पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघड्यापासून हळूहळू बंद होतो. वाफेचा बंदच असतो.
- 50 टक्के (12 मिलिअँपिअर) : दोन्ही बंद.
- 50 ते 100 टक्के : वाफेचा व्हॉल्व्ह उघडत जातो. पाण्याचा बंद राहतो.
- सिग्नल किंवा हवा गेल्यास : स्प्रिंगच्या जोराने पाणी सुरू होते, वाफ बंद होते. रिअ‍ॅक्टर थंड होण्याकडे जातो.
- विभाजनबिंदू : तो 50वरच हवा असे नाही. वाफेचा परिणाम पाण्याच्या दुप्पट असेल, तर पाण्याला 0 ते 33 आणि वाफेला 33 ते 100 टक्के पट्टा देतात. त्यामुळे एक टक्का बदलाचा परिणाम दोन्हीकडे सारखा होतो.
- नेहमीचा बिघाड : आउटपुट विभाजनबिंदूच्या आरपार सतत ये-जा करते, वाफ आणि पाणी आळीपाळीने सुरू होतात, तापमान डोलते. ट्रेंडवर हे लगेच दिसते. व्हॉल्व्ह अडकतो का, गळतो का, हे आधी तपासतात.
- उपाय आणि मर्यादा : मध्ये काही टक्क्यांची मोकळी पट्टी ठेवली, तर दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडत नाहीत. पट्टी रुंद झाली, तर तेवढ्या भागात नियंत्रण सुटते.