विकायलाच हवेत, पण विकता येत नाहीत

27 जानेवारी 2020 रोजी रुची सोयाचा शेअर बाजारात परतला, तेव्हा त्याचा भाव सतरा रुपयांच्या आसपास होता. जूनअखेर तो पंधराशेच्या घरात गेला. पाच महिन्यांत तेलाच्या धंद्यात असा कोणता चमत्कार झाला होता? काहीच नाही. दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून पतंजली समूहाने ही कंपनी घेतल्यावर जवळजवळ 99 टक्के शेअर प्रवर्तकांकडे गेले होते. बाजारात फिरायला उरले जेमतेम एक टक्का. माल इतका थोडा असला की चार गिऱ्हाईकंही भाव कुठल्या कुठे नेऊन ठेवतात.

म्हणूनच नियम सांगतो की नोंदणीकृत कंपनीचे किमान 25 टक्के शेअर प्रवर्तकांव्यतिरिक्त इतरांकडे हवेत. दिवाळखोरीतून आलेल्या कंपनीला त्यासाठी तीन वर्षं मिळतात. रुची सोयाची मुदत डिसेंबर 2022 मध्ये संपणार होती. कंपनीने मार्च 2022 मध्ये 650 रुपये भावाने नवे शेअर जनतेला विकले आणि इतरांचा वाटा 19.18 टक्क्यांवर आला. कमी पडत होते सहा टक्क्यांहून थोडे कमी.

इथे दुसरा नियम आडवा आला. जनतेकडून पैसे उभे केल्यावर प्रवर्तकांनी लगेच आपला माल विकून निघून जाऊ नये, म्हणून त्यांच्या शेअरना ठरावीक काळ कुलूप लागतं. यालाच लॉक-इन म्हणतात. नव्या शेअरची नोंदणी झाल्यापासून वर्षभर, म्हणजे 8 एप्रिल 2023 पर्यंत, प्रवर्तकांना विकायची मुभा नव्हती. एक नियम डिसेंबरपर्यंत वाटा कमी करा म्हणत होता, दुसरा एप्रिलपर्यंत हात लावू नका म्हणत होता. संस्थांना नवे शेअर देऊन वाट काढता आली असती, पण मुदत उलटून गेली. मार्च 2023 मध्ये दोन्ही शेअर बाजारांनी प्रवर्तकांचे 29 कोटींहून अधिक शेअर गोठवले. तोवर कंपनीचं नाव पतंजली फूड्स झालं होतं.

कुलूप उघडल्यावर, जुलै 2023 मध्ये प्रवर्तकांनी सात टक्के, म्हणजे सुमारे अडीच कोटी शेअर विक्रीस काढले. किमान भाव ठेवला 1000 रुपये, त्या वेळच्या बाजारभावापेक्षा बराच खाली. एवढा माल एकदम विकायचा, तर सूट द्यावीच लागते. हे ठाऊक असलेला गुंतवणूकदार आधीच चढ्या भावाने खरेदी करत नाही. माझ्या मते छोट्या गुंतवणूकदाराचं नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं.

नव्याने नोंदलेल्या कंपनीतही तेच घडतं. आयपीओत मोठ्या संस्थांना आगाऊ दिलेल्या शेअरपैकी निम्म्यांचं कुलूप 30 दिवसांनी उघडतं, उरलेल्यांचं 90 दिवसांनी. आयपीओआधीच्या बहुतेक इतर भागधारकांना सहा महिने थांबावं लागतं. गंमत म्हणजे प्रवर्तक सोडून इतरांचे बंद शेअरही ‘जनतेचा वाटा’ म्हणूनच मोजले जातात, त्यामुळे कागदावर 25 टक्के दिसले तरी बाजारात फिरणारा माल त्याहून कमी असू शकतो.

प्रत्येक तिमाहीनंतर 21 दिवसांत कंपनी भागधारणेचा तक्ता शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर टाकते. त्यात लॉक-इनचा वेगळा रकाना असतो. शेअर घेण्याआधी तो वाचा.