सर्वांत वजनदार चढती साखळी

क्षयरोगाच्या जंतूचा एच३७आरव्ही हा वाण प्रयोगशाळांत अनेक दशकं वापरला जातो. त्याची संपूर्ण जनुकीय अक्षरमाला १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती सुमारे ४४ लाख अक्षरांची आहे. पुढच्याच वर्षी आर्थर डेल्चर, स्टीव्हन सॉल्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ममर’ नावाची संगणकप्रणाली मांडली आणि हा वाण सीडीसी१५५१ ह्या दुसऱ्या वाणाशी आरंभापासून शेवटपर्यंत ताडून पाहिला.

पद्धत अशी होती. दोन्ही अक्षरमालांत तंतोतंत जुळणारे आणि प्रत्येकीत एकदाच येणारे तुकडे आधी शोधायचे. पहिल्या मालेत ते ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने मांडायचे आणि प्रत्येकाखाली त्याची दुसऱ्या मालेतली जागा लिहायची. खालचे आकडे चढत गेले तर दोन्हीकडचा क्रम एकच आहे. मध्येच आकडा उतरला तर कुठला तरी तुकडा जागा सोडून गेला आहे. आता ह्या आकड्यांतून चढत जाणारी साखळी निवडायची, पण तिच्यात तुकडे किती आहेत हे मोजून चालत नाही. वीस अक्षरांचे चार तुकडे आणि दहा हजार अक्षरांचा एक तुकडा ह्यांत दुसरा कितीतरी मोलाचा. म्हणून ममरने साखळी निवडताना तुकड्यांची लांबीही हिशोबात धरली.

हा प्रश्न कागदावर सोडवून पाहण्यासाठी एक सूट घेऊ: प्रत्येक संख्येचं वजन म्हणजे ती संख्याच. समजा रांग अशी आहे: १२, ४५, ५, २०, ७, ३०, ९, ११. डावीकडून उजवीकडे जाताना हव्या त्या संख्या गाळायच्या, क्रम बदलायचा नाही, उरलेल्या संख्या चढत्या असाव्यात आणि त्यांची बेरीज जास्तीत जास्त असावी.

आधीच्यापेक्षा मोठी दिसेल ती संख्या उचलत गेलो तर १२ आणि ४५ हाती लागतात. त्यांची बेरीज ५७ आणि पुढे वाट बंद. सर्वांत लांब साखळी शोधली तर ५, ७, ९, ११ मिळते. चार संख्या, पण बेरीज फक्त ३२. दोन्ही उत्तरं चूक आहेत. सगळ्या शक्यता तपासाव्यात तर आठ संख्यांना २५५ निवडी होतात आणि एकेक संख्या वाढली की त्या दुप्पट होतात.

सुटका एका निरीक्षणात आहे. साखळी पुढे कशी वाढेल हे फक्त तिच्या शेवटच्या संख्येवर ठरतं. २० वर संपणाऱ्या दोन साखळ्या असतील, तर त्यांच्या पुढे जोडता येणाऱ्या संख्या त्याच असतात. मग हलकी साखळी लक्षात ठेवण्याचं काही कारणच उरत नाही. म्हणून प्रत्येक जागेसाठी एकच आकडा लिहायचा: ह्या संख्येवर संपणाऱ्या साखळ्यांपैकी सर्वांत मोठी बेरीज. तो काढताना डावीकडच्या, स्वतःहून लहान असलेल्या संख्यांकडे पाहायचं, त्यांतली सर्वांत मोठी बेरीज घ्यायची आणि तिच्यात स्वतःला मिळवायचं. संगणकशास्त्रात ह्या रीतीला डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणतात.

बेरजेबरोबर आणखी एक नोंद करायची: ती बेरीज कोणत्या जागेकडून घेतली. हा मागचा दुवा. इंग्रजीत त्याला पेरेंट म्हणतात.

जागांना १ ते ८ क्रमांक देऊन सुरुवात करू. १२ च्या डावीकडे कोणीच नाही, म्हणून बेरीज १२ आणि दुवा नाही. ४५ ला १२ जोडता येतो, म्हणून बेरीज ५७, दुवा जागा १. ५ पेक्षा लहान आधी कोणी नाही, बेरीज ५, दुवा नाही. २० ला १२ आणि ५ असे दोन पर्याय आहेत. १२ कडून जास्त मिळतं, म्हणून बेरीज ३२, दुवा जागा १. ७ ला फक्त ५ चालतो, बेरीज १२, दुवा जागा ३.

सहाव्या जागेवरच्या ३० शी थोडं थांबायला हवं. डावीकडची सर्वांत मोठी बेरीज ५७ आहे, पण ती ४५ वर संपते आणि ४५ हा ३० पेक्षा मोठा आहे. ती साखळी इथे निरुपयोगी. चालणाऱ्यांपैकी २० कडची ३२ सर्वांत मोठी, म्हणून बेरीज ६२ आणि दुवा जागा ४. उरलेल्या दोन संख्या पटकन होतात: ९ ची बेरीज २१, दुवा जागा ५, ११ ची बेरीज ३२, दुवा जागा ७.

उत्तर ६२. पण नुसत्या ६२ ने जीवशास्त्रज्ञाचं काम भागत नाही. त्याला तुकडे हवे असतात. दुव्यांची रांग ठेवली असेल तर ते लगेच मिळतात. ६२ जागा ६ वर आहे, तिथे ३० लिहायचे. दुवा जागा ४ कडे नेतो, तिथे २०. तिथून जागा १, तिथे १२. पुढे दुवा नाही, थांबायचं. हाती ३०, २०, १२ आले, ते उलटे केले की १२, २०, ३०. प्रत्येक जागेपाशी अख्खी साखळी लिहून ठेवण्याची गरज पडत नाही, एकेक दुवा पुरतो. एखाद्या जागेचा हिशोब सुरू होतो तेव्हा तिच्या डावीकडचे सगळे हिशोब पुरे झालेले असतात. म्हणून लिहिलेला दुवा पुढे कधी खोटा ठरत नाही.

चुका होतात त्या बहुधा ह्या परतीच्या वाटेवर. पहिली म्हणजे रांगेच्या शेवटच्या जागेपासून मागे फिरायला लागणं. आपल्या उदाहरणात तसं केलं तर ५, ७, ९, ११ हीच साखळी उत्तर म्हणून येते. सुरुवात करायची ती सर्वांत मोठी बेरीज जिथे आहे तिथून. दुसरी चूक जास्त छुपी आहे. संगणकात जागा बहुधा शून्यापासून मोजतात. ‘दुवा नाही’ ह्याची खूण म्हणूनही शून्यच ठेवला, तर पहिल्या जागेकडे नेणारा दुवा आणि दुवा नसणं ह्यांत फरक राहत नाही. साखळी २०, ३० वरच तुटते आणि १२ हरवतो. म्हणून खुणेसाठी उणे एक वापरतात. दोन्ही चुका पकडायला एकच तपासणी पुरे: सापडलेल्या संख्यांची बेरीज नोंदवलेल्या सर्वांत मोठ्या बेरजेशी जुळली पाहिजे. ३२ किंवा ५० आले, तर वाट चुकली.

दोन दुवे सारखीच बेरीज देत असतील, तर कोणताही ठेवला तरी चालतो. फक्त मग सापडलेली साखळी एकमेव नसते, हे ध्यानात ठेवायला हवं.

आठ संख्यांसाठी जास्तीत जास्त २८ तुलना लागतात. एक लाख संख्या असतील तर त्या ५०० कोटींच्या घरात जातात. मग फेनविक ट्री नावाची रचना वापरतात. ‘ह्याहून लहान असलेल्यांत सर्वांत मोठी बेरीज कोणती’ ह्या प्रश्नाचं उत्तर ती सतरा-अठरा पावलांत देते. तिच्यात बेरजेसोबत ती कोणत्या जागेची हेही ठेवावं लागतं, नाहीतर दुवा लिहिता येत नाही.

क्षयाच्या जंतूंकडे परतलं तर साखळीत न आलेल्या तुकड्यांनाही अर्थ असतो. साखळीतल्या दोन शेजारच्या तुकड्यांमध्ये एकाच अक्षराची तफावत असेल, तर तिथे एक अक्षर बदललेलं असतं. एकाच बाजूला मोठी पोकळी असेल, तर तिथे काही घुसलेलं किंवा गळालेलं असतं. आणि जो तुकडा दोन्ही अक्षरमालांत जसाच्या तसा आहे, पण क्रमात बसला नाही म्हणून साखळीबाहेर राहिला, तो एका वाणात आपली मूळ जागा सोडून दुसरीकडे गेलेला असू शकतो.